लॅबमधला संगणक कोणावर विश्वास ठेवतो?

शाळेच्या लॅबमध्ये एकाच खुर्चीवर दिवसभरात सात-आठ विद्यार्थी बसून जातात. प्रत्येकाला आपले काम सापडले पाहिजे आणि आधीच्याचे काम दिसता कामा नये. ही अडचण वैयक्तिक संगणकापेक्षाही जुनी आहे. किंबहुना पासवर्ड संगणकावर आला तोच मुळी एक यंत्र अनेकांनी वापरायचे ठरले म्हणून.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेली असत आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून खाते व पासवर्ड दिला जाई. ही व्यवस्था लगेचच फसवली गेली. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला संगणकावर आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्यांनी पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती पंच कार्डावर केली आणि प्रणालीने ती निमूटपणे छापूनही दिली. मग इतरांच्या खात्यांवर त्यांचे काम सुरू राहिले. लॅबमध्ये मित्राचा पासवर्ड वापरणारी मुले नवे काही करत नाहीत, एवढे यावरून कळावे.

तरीही त्या काळी एक सोय होती. टर्मिनल म्हणजे नुसता टंकलेखक. ओळख आणि फाइली दोन्ही मध्यवर्ती यंत्रात. टर्मिनलशी छेडछाड करून फारसे काही हाती लागत नसे. टेबलावरच्या यंत्रालाच स्वतःची मेमरी आणि डिस्क मिळाली, तेव्हा मात्र चित्र बदलले.

हा बदल सर्वांत स्वच्छपणे हाताळला गेला तो एमआयटीच्याच प्रोजेक्ट अथीनामध्ये. १९८३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात आवारभर वर्कस्टेशन ठेवायची होती आणि विद्यार्थ्याने कुठल्याही यंत्रावर बसले तरी त्याला आपले काम मिळायला हवे होते. तिथल्या लोकांनी एक गोष्ट मान्य करून टाकली: सार्वजनिक खोलीतले यंत्र सुरक्षित ठेवता येत नाही. समोर बसलेला माणूस ते बंद करेल, दुसऱ्या डिस्कवरून चालू करेल, त्याचा मालक बनेल. म्हणून सर्व्हरने यंत्राच्या शब्दावर विसंबायचेच नाही. विद्यार्थ्याने आपली ओळख मध्यवर्ती अशा एका सर्व्हरकडे पटवायची आणि त्याबदल्यात काही तासांपुरते तिकीट घ्यायचे. फाइल सर्व्हर ते तिकीट पाहणार. या पद्धतीचे नाव कर्बेरोस. पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही आणि तिकिटाची मुदत संपली की ते निरुपयोगी होते.

शाळांपर्यंत हे पोहोचायला बराच काळ गेला. विंडोज ९५ आणि ९८ च्या लॅबमध्ये लॉगिनची चौकट येई, पण `Esc` दाबले की सरळ आत जाता येई. ते कुलूप नव्हतेच. नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी नाव विचारले जात होते, एवढेच. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सगळ्यांना मिळून ‘student’ असे एकच नाव देण्याची पद्धत रूढ झाली. ती सोपी असते, पण डेस्कटॉपवरचे चित्र कोणी बदलले आणि कोणाची फाइल कोणी पुसली, हे त्यातून कधीच कळत नाही.

विंडोज एनटीने खाते खरे केले आणि त्याबरोबर फिरती प्रोफाइल आणली: मूल लॉगिन करते तेव्हा त्याचा डेस्कटॉप आणि सेटिंग सर्व्हरवरून यंत्रावर उतरते, लॉगआउट करताना परत चढते. कागदावर सुंदर. लॅबमध्ये हिशेब वेगळा लागतो. समजा प्रत्येकाची प्रोफाइल ५० एमबीची आहे आणि घंटा होताच ४० मुले एकदम लॉगिन करतात. म्हणजे २,००० एमबी. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात. सगळे सुरळीत झाले तरी पावणेतीन मिनिटे गेली. कोणी डेस्कटॉपवर व्हिडिओ टाकून ठेवला असेल तर त्याहून जास्त. तास संपताना हीच मिरवणूक उलट दिशेने निघते आणि घाईत कोणी थेट बटण दाबून यंत्र बंद केले की त्या दिवसाचे काम वर चढतच नाही.

विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, म्हणजे एका डोमेनमधली, अर्थात शाळेच्या नेटवर्कमधली, सगळी खाती सर्व्हरवर सांभाळणारी व्यवस्था. कर्बेरोस आता शाळेच्या सर्व्हरमध्ये आपसूक होता. कागदपत्रांचे फोल्डर कायम सर्व्हरवरच ठेवण्याची सोयही मिळाली, त्यामुळे प्रोफाइल हलकी राहू लागली. आणखी एक जुनी युक्ती होती, ती मला आजही आवडते: प्रोफाइलमधल्या `NTUSER.DAT` चे नाव `NTUSER.MAN` केले की मुलांनी केलेले सेटिंगमधले बदल लॉगआउटला विसरले जातात.

पण यंत्र स्वच्छ कसे राहणार? यावर दुसऱ्याच बाजूने उत्तर आले, डिस्क गोठवण्याचे. डीप फ्रीझसारख्या प्रोग्रामने यंत्र रीस्टार्ट केले की सगळे ठरवलेल्या स्थितीला परत जाते. मायक्रोसॉफ्टने स्टेडीस्टेट नावाने असेच मोफत साधन दिले होते. २०१० अखेरीस ते बंद केले. सर्व्हरवरचे खाते आणि गोठवलेली डिस्क या दोन विचारांची गाठ जिथे पडते, तिथे लॅबमधला एक अगदी चमत्कारिक बिघाड जन्माला येतो.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत विद्यार्थ्यासारखेच यंत्राचेही खाते असते आणि त्यालाही पासवर्ड असतो. यंत्र तो साधारण ३० दिवसांनी स्वतःच बदलते, कोणाला न विचारता. आता गोठवलेले यंत्र घ्या. तिसावा दिवस उलटतो, यंत्र नवा पासवर्ड ठरवते, सर्व्हर तो नोंदवतो. त्या दिवशी सगळे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू होते ते जुन्या स्थितीत, म्हणजे जुन्या पासवर्डसह. आणि मुलांच्या पडद्यावर येते: `The trust relationship between this workstation and the primary domain failed`. लॅबमधली यंत्रे एकाच सुमारास गोठवलेली असल्यामुळे ती एकामागोमाग बंद पडतात आणि शिक्षकांना वाटते, सर्व्हर गेला. खूण अशी की शेजारच्या न गोठवलेल्या यंत्रावर तेच मूल व्यवस्थित लॉगिन करते. शिवाय बिघडलेल्या यंत्राची नेटवर्कची वायर काढली, तर गोठवण्याआधी तिथे लॉगिन केलेल्या शिक्षकांचे खाते जपून ठेवलेल्या ओळखीवर उघडते.

यंत्र तात्पुरते वितळवून, त्याच यंत्राच्या अ‍ॅडमिन खात्याने आत जाऊन पॉवरशेलमध्ये हे चालवायचे:

```
Test-ComputerSecureChannel -Repair -Credential (Get-Credential)
```

ते नाव-पासवर्ड विचारेल, तिथे डोमेन अ‍ॅडमिनचे द्यायचे. पण एवढ्यावर थांबून पुन्हा गोठवले तर महिन्याभराने तीच सकाळ उगवते. म्हणून गोठवण्यापूर्वी रजिस्ट्रीतल्या `HKLM\SYSTEM\CurrentControlSet\Services\Netlogon\Parameters` मध्ये `DisablePasswordChange` ची किंमत `1` करायची. यंत्राचा पासवर्ड मग तोच राहतो, हा त्यातला तोटा. गोठवलेल्या लॅबसाठी तो बहुधा पत्करावा लागतो.

विंडोज १० पासून सामायिक संगणकासाठी वेगळी रीतच आहे. खाते क्लाउडवर तपासले जाते, यंत्रावर तात्पुरती प्रोफाइल बनते आणि लॉगआउट होताच किंवा डिस्क भरत आली की ती पुसली जाते. २०११ मध्ये आलेली क्रोमबुक त्याच दिशेची. अथीनाच्या लोकांनी मानलेले गृहीतक इथे तसेच आहे, फक्त सर्व्हर शाळेबाहेर गेला आहे. त्यामुळे इंटरनेट गेले की ज्या मुलाने त्या यंत्रावर आधी कधीच लॉगिन केलेले नाही किंवा ज्याची प्रोफाइल पुसली गेली आहे, ते लॉगिनच्या पडद्यापुढे जात नाही. परीक्षेच्या दिवसासाठी काही यंत्रांवर स्थानिक खाते राखून ठेवणाऱ्या शाळा अजून आहेत, त्या याच कारणाने.