रेशो बरोबर, तरी भाव झाकला: चित्राचा आकार आणि आतली मोकळी कड

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं दिवाळीचं काम माझ्याकडे होतं. चित्रं एआयवर करायची, वरचा मजकूर मी बसवायचा. इन्स्टाग्रामची स्टोरी केली 1080 बाय 1920 ची, म्हणजे काटेकोर 9:16. सांगलीत बसून माझ्या फोनवर तपासली, सगळं नीट दिसत होतं. काकांनी तीच स्टोरी पैसे भरून जाहिरात म्हणून चालवली आणि तासाभरात फोन आला, "ताई, बेदाणं झकास दिसत्यात, पण किलोचा भाव कुठं गेला?"

भाव जाहिरातीच्या बटणाखाली गेला होता. वरच्या कडेला लिहिलेल्या दुकानाच्या नावावर त्यांच्याच अकाउंटचं नाव बसलं होतं. चूक माझी. प्रॉम्प्टमध्ये रेशो दिला होता, आणि रेशो दिला म्हणजे मार्जिन आलंच असं मी धरून चालले होते.

आपल्याकडे बॅनर म्हटलं की चौकातला फ्लेक्सच डोळ्यापुढे येतो, तर तिथूनच सांगते. फ्लेक्सवाला पहिल्यांदा विचारतो, "साईज काय?" दहा बाय आठ म्हटलं की कापड किती लांब, किती उंच ते ठरलं. हा झाला रेशो. पण तो फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणताना चारी बाजूंची पट्टी मागे दुमडून खिळे मारतात. त्या पट्टीवर कोणाचं नाव असेल तर ते चौकटीच्या मागे गेलं. म्हणून जुना फ्लेक्सवाला सांगतो, कडेला काही घेऊ नका. हे मार्जिन. साईज चुकली तर फ्लेक्स चौकटीवर बसतच नाही, लगेच कळतं. मार्जिन चुकलं तर फ्लेक्स छान बसतो आणि नाव अर्धं जातं.

प्रॉम्प्टमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात. रेशो ही बहुतेक टूलमध्ये सेटिंग असते. मिडजर्नीत प्रॉम्प्टच्या शेवटी असं लिहायचं:

```
--ar 9:16
```

चित्र त्याच आकाराचं येतं, त्यात मॉडेलच्या मर्जीचा प्रश्न नाही. मात्र काही टूलमध्ये ठराविकच मापं मिळतात. ओपनएआयच्या gpt-image-1 ला उभं माप एकच आहे, 1024 बाय 1536, म्हणजे 2:3. ते स्टोरीपेक्षा रुंद. उंची 1920 ला ताणली की रुंदी 1280 होते आणि दोन्ही बाजूंनी 100-100 पिक्सेल कापावे लागतात. अशा टूलला तुम्ही शब्दांत कितीही "9:16 हवं" लिहा, कातर लागणारच. म्हणजे इन्स्टाग्राम काही झाकण्याआधीच दोन्ही कडा गेल्या, आणि तेवढी जागा चित्रात आधीच रिकामी असायला हवी.

मार्जिनला असं बटण नाही. "वर 250 पिक्सेल मोकळे ठेव" असं लिहून पाहा, मॉडेल पट्टी घेऊन मोजत नाही. ते शिकलं आहे चित्रं आणि त्यांची वर्णनं यांवरून, आणि वर्णनात माणसं चित्रात दिसतं तेच लिहितात, पिक्सेलचा हिशोब कोणी लिहीत नाही. "मार्जिन" किंवा "बॉर्डर" हे शब्द टाकले तर बऱ्याचदा चित्राभोवती खरोखरची पांढरी चौकट येते. "इन्स्टाग्राम स्टोरी" म्हटलं तर कधी अख्खा मोबाईलच काढून मिळतो, त्यात खोटी बटणं आणि न वाचता येणारी अक्षरं. "पोस्टर" या शब्दाचंही तेच.

म्हणून मार्जिन मागायचं नाही. त्या जागी काय आहे ते सांगायचं. वरचा तिसरा भाग साधी गडद भिंत. खाली रिकामी फळी. वस्तू मध्यावर, पूर्ण दिसणारी, रुंदीच्या निम्मी. अशी भिंत आणि अशी फळी मॉडेलने हजारदा पाहिलेली असते, ती त्याला काढता येते. आणि "क्लोजअप" हा शब्द काढून टाकायचा. तो असला की वस्तू कडेपर्यंत फुगते आणि बाकी सगळं सांगणं वाया जातं.

आता किती जागा मोकळी हवी, ते चौकोनी पोस्ट, स्टोरी आणि आडवा बॅनर या तिन्ही आकारांत वेगळं आहे.

चौकोनी पोस्ट सगळ्यात सोपी वाटते. फीडमध्ये तिच्यावर फारसं काही बसत नाही. पण 2025 पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाईलवरची जाळी चौकोनी राहिली नाही, 3:4 झाली. 1080 च्या चौकोनातून तिथे मधले 810 पिक्सेलच दिसतात, डावी-उजवीकडचे 135-135 जातात. म्हणजे चौकोनात जपायच्या त्या बाजूच्या कडा, वरखालच्या नाहीत. चौकोनात रुंदभर पसरलेलं दुकानाचं नाव फीडमध्ये शोभतं आणि प्रोफाईलवर दोन्हीकडची अक्षरं गमावतं.

स्टोरीचं नेमकं उलटं. जाहिरातीसाठी मेटाची सूचना अशी की वरचे सुमारे 250 आणि खालचे सुमारे 340 पिक्सेल मोकळे ठेवा. 1920 मधून ते गेले, उरले 1330. म्हणजे कामाची जागा 1080 बाय 1330. ही जवळजवळ 4:5 ची, आपली नेहमीची उभी पोस्ट! हे ध्यानात आल्यापासून मी स्टोरीकडे उंच चित्र म्हणून पाहतच नाही. 4:5 ची पोस्ट, तिच्यावर थोडी भिंत, तिच्याखाली जरा जास्त फळी, असं पाहते. माझ्या फोनवर भाव का दिसला, तेही इथेच कळतं. नव्या लांबट फोनवर साध्या स्टोरीत उत्तर लिहायची चौकट चित्राच्या खाली, वेगळी येते. जाहिरातीत बटण चित्रावरच येतं. स्वतःच्या फोनवर साधी स्टोरी टाकून केलेली तपासणी त्यामुळे अर्धीच.

काकांची स्टोरी दुसऱ्यांदा केली तेव्हाचा प्रॉम्प्ट असा होता: "लाकडी फळीवर पितळी वाटी, सोनेरी बेदाण्यांनी भरलेली. एकच वाटी, पूर्ण दिसणारी, चित्राच्या मध्यावर, रुंदीच्या निम्म्याएवढी. वरचा तिसरा भाग गडद निळी रिकामी भिंत. खालचा तिसरा भाग रिकामी फळी. डावीकडून मऊ उजेड. दिवाळीचं वातावरण."

सगळं बरोबर आलं, फक्त भिंत रिकामी आली नाही. तिथे आकाशकंदील लटकत होता आणि फळीवर पणत्यांची रांग. शेवटचे दोन शब्द नडले. "वातावरण" म्हटलं की मॉडेल ते जिथे जागा दिसेल तिथे ओततं, आणि रिकामी जागा मी वरखालीच ठेवली होती. "कंदील नको" लिहिण्यात अर्थ नव्हता, नाव काढलं की तो उलट हटकून येतो. मी "दिवाळी" काढली आणि लिहिलं, "वाटीच्या उजव्या बाजूला, वाटीला टेकून, एक पेटती पणती." सणाला जागा नेमून दिली. पुढच्या चार चित्रांतल्या दोनांत भिंत स्वच्छ होती.

मग मजकूर. तो मी कधीच चित्रात मागत नाही, देवनागरी जोडाक्षरांचा मॉडेल अजूनही बऱ्याचदा चुथडा करतं. कॅनव्हात चित्र ठेवून वर 250 आणि खाली 340 उंचीच्या दोन अर्धपारदर्शक लाल पट्ट्या टाकते, त्या सोडून उरलेल्या जागेत लिहिते, आणि डाउनलोड करताना पट्ट्या काढते. यात आपल्या लिपीची एक गोम आहे. इंग्रजीच्या सवयीने शिरोरेघ पट्टीला टेकवली तर वेलांटी आणि रफार पट्टीत घुसतात. खाली उकार लोंबतो. "तासगावचे अस्सल बेदाणे किलोवर" या ओळीत उकार नसला तरी वरच्या मात्रा आहेतच. म्हणून माप शिरोरेघेपासून नाही, मात्रेच्या टोकापासून घ्यायचं.

आडव्या बॅनरला मात्र एकच आकार नसतो, आणि रेशो-मार्जिनचा खरा घोळ तिथे होतो. फेसबुक पेजचं कव्हर कॉम्प्युटरवर 851 बाय 315 दिसतं, म्हणजे 2.7:1, आणि मोबाईलवर 640 बाय 360, म्हणजे 16:9. एकच चित्र, दोन खिडक्या. लांबट चित्र दिलं तर मोबाईल दोन्ही बाजूंनी सुमारे 17-17 टक्के कापतो. 16:9 चं दिलं तर कॉम्प्युटर वरखालून तितकेच. इथे "बरोबर रेशो कोणता" हा प्रश्नच चुकीचा आहे. एक रेशो निवडायचा आणि दुसऱ्या खिडकीचं कापणं मार्जिन म्हणून धरायचं.

मी 16:9 घेते, कारण काकांची गिऱ्हाइकं मोबाईलवर आहेत. मग वाटी आणि नाव दोन्ही उंचीच्या मधल्या दोन-तृतीयांशात बसवायचं. खालच्या डाव्या कोपऱ्यात प्रोफाईलचा गोल येतो, म्हणून वाटी उजवीकडे. आडव्या आकारात मॉडेलला रुंदी भरायची भारी हौस; "वाटी" म्हटलं तर पाच वाट्यांची रांग मांडतं, जशी पंगतच बसली आहे. "एकच वाटी, उजव्या बाजूला, डावीकडचा अर्धा भाग रिकामी भिंत" असं दोन्ही सांगावं लागतं. वाटी तरीही वरच्या कडेला भिडलेली आली तर मी पुन्हा प्रॉम्प्ट लिहीत बसत नाही. चित्र लहान करून कॅनव्हासच्या मध्ये ठेवते आणि भोवतालची भिंत टूलकडून वाढवून घेते. साधी भिंत बेमालूम वाढते. कंदील, तोरणं, नक्षी असेल तर सांधा लगेच दिसतो, ही रिकाम्या भिंतीची आणखी एक सोय.

तिन्ही आकार वाटीच्या एकाच चित्रातून कापून काढता येतील का, असं काकांनी विचारलं होतं. चौकोन आणि स्टोरी येतील, स्टोरीचा मधला भाग 4:5 असल्यामुळे त्यातून चौकोन सहज निघतो. बॅनर नाही. उभ्या चित्रातून 16:9 ची पट्टी कापली की 1080 रुंदीला जेमतेम 608 उंची मिळते, आणि त्यात मध्यावरची वाटी सोडून डावीकडे नावाला जागाच उरत नाही. बॅनर वेगळा काढला, त्याचे पैसे वेगळे लावले. त्यावर थोडी घासाघीस झाली, शेवटी पावशेर बेदाण्यांवर तोडगा निघाला.