भाजल्यावर २० मिनिटे पाणी : हा नियम आला कुठून?

किरकोळ भाजल्यावर काय करावे, हे मिनिटभरात सांगणाऱ्या व्हिडिओत नळाखाली धरलेला हात तीन-चार सेकंदच दिसतो. पाहणाऱ्याला तेवढे पुरे वाटते. तो हात तिथे २० मिनिटे हवा.

पाण्यावर एकमत व्हायला शतके लागली. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यातल्या सर्वांत हलक्या 'प्लुष्ट' प्रकाराला चक्क शेक सुचवला आहे. थंड पाण्याने रक्त गोठते, असा त्यामागचा तर्क. पर्शियन वैद्य अल-राझी मात्र थंड पाण्याच्या बाजूचा होता. १९२५ मध्ये अमेरिकेतून टॅनिक ॲसिडचा लेप पुढे आला. त्याने जखमेवर कडक खपली धरायची, पण तो यकृताला घातक ठरला आणि १९४० च्या दशकात मागे पडला. आइसलंडचे डॉक्टर ओफेगसन यांनी १९५९ मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडून पाण्याची बाजू भक्कम केली. २० मिनिटांच्या आकड्याला बळ मिळाले ते पुढे ऑस्ट्रेलियात डुकरांवर झालेल्या प्रयोगांमधून. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते.

कारण सरळ आहे. चटका थांबला तरी कातडीत साठलेली उष्णता खालच्या थरांना इजा करत राहते. ती काढून घ्यायला वेळ लागतो. तीन तासांच्या आत केव्हाही पाणी धरले तरी फायदा होतो, पण लगेच धरलेले उत्तम.

समजा, चहा गाळताना मनगटाच्या वर उकळता चहा सांडला. आधी बांगड्या आणि अंगठी काढा. सूज आली की त्या रुततात. चिकटलेला कपडा ओढू नका. मग नळ. मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढत येते, म्हणून आधी दुसऱ्या हाताने तपासा. नळाला पाणी नसेल तर बादलीतले पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम खोल जाऊ शकते. टूथपेस्ट, हळद, शाई यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, शिवाय डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. शेवटी स्वच्छ, न चिकटणारे आवरण सैलसर ठेवा. फोड फोडू नका.

रुग्णाच्या स्वतःच्या पंज्याहून मोठी जखम, चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियावरची जखम, मोठे फोड, विजेचा किंवा रसायनाचा चटका, लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही व्यक्ती, यांपैकी काहीही असेल तर पाणी ओतून झाल्यावर डॉक्टरकडे जाच; धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा. विजेचा चटका असेल तर मात्र आधी प्रवाह बंद करा, मगच त्या व्यक्तीला हात लावा. मोठी जखम किंवा श्वासाचा त्रास असेल तर १०८ ला फोन करा. पांढरट किंवा काळपट पडलेली जागा दुखत नसेल तर निर्धास्त राहू नका, कारण तिथले मज्जातंतूच जळालेले असू शकतात. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचायला हवा.