मोबाइलवरचा डॉलर आणि रावेरच्या खात्यातला डॉलर

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात आता केळीच्या भावाबरोबर डॉलरच्या भावाचीही चर्चा चालते. केळीचे कंटेनर न्हावाशेवा बंदरातून आखाती देशांकडे जातात, बिलं डॉलरमध्ये होतात. पैसे आले की निर्यातदार आधी मोबाइल बघतो, मग पासबुक बघतो आणि हमखास विचारतो, "भाऊ, मोबाईलवर एक भाव दिसते, खात्यात दुसराच येते. मधले पैसे कोनं खाल्ले?"

या प्रश्नाला गावात दोन उत्तरं मिळतात. एक, दर रिझर्व्ह बँक ठरवते. दोन, बँकेनं लुबाडलं. पहिलं सरळ चूक आहे. १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक मोठी खरेदी-विक्री करून त्या बाजाराला वळण लावते, पण दर जाहीर करून तो पाळायला सांगत नाही. रोज दुपारी जो संदर्भ दर प्रसिद्ध होतो तो २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था काढते, आणि तोही बँकांमध्ये प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून. दुसऱ्या उत्तरात थोडं तथ्य आहे, पण नेमकं किती, हे थर उलगडल्याशिवाय कळत नाही.

केळी उत्पादकाला हे थर नवे नाहीत. बऱ्हाणपूरचा जाहीर भाव वेगळा आणि कटाई, वाहतूक, व्यापाऱ्याचा वाटा जाऊन बांधावर हातात पडणारा भाव वेगळा, हे तो रोज पाहतो. डॉलरचंही तसंच आहे. फक्त डॉलरची घट कुठे दिसत नाही, ती दराच्याच पोटात असते.

एक हिशोब मांडू. आकडे सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, पण प्रमाण प्रत्यक्षातल्यासारखंच आहे. दोन कंटेनरचे २०,००० डॉलर आले. सकाळचे अकरा वाजलेत. मुंबईत बँकांच्या आपसातल्या बाजारात डॉलर ८५.१००० ला घ्यायला आणि ८५.१०५० ला विकायला कुणीतरी उभं आहे. मोबाइलवर दिसतो तो या दोघांच्या मधला आकडा, ८५.१०२५. त्या आकड्याला कुणीच सौदा करत नसतं. विकणाऱ्याला घेणाऱ्याचा भाव मिळतो, म्हणजे ८५.१०. पहिला थर एवढाच, पाव पैशाचा. २०,००० डॉलरवर ५० रुपये.

दुसरा थर वेळेचा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. पडद्यावरचा ८५.१० हा 'स्पॉट' दर असतो, म्हणजे सौदा आज आणि पैशांची देवाणघेवाण कामकाजाच्या दोन दिवसांनी. आपल्याला मात्र रुपये आजच खात्यात हवे असतात. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असलं, की दोन दिवस आधी रुपये देणाऱ्याचं तेवढं व्याज बुडतं. व्याजातला फरक वर्षाला दोन टक्के धरला, तर ८५ रुपयांवर दोन दिवसांचा साधारण एक पैसा होतो. म्हणून आजचा 'कॅश' दर ८५.०९. हे २०० रुपये कुणाचा नफा नाही, ती वेळेची किंमत आहे. मध्ये शनिवार-रविवार आला की दिवस वाढतात आणि फरकही वाढतो.

आता बँकेच्या आत शिरू. आपली शाखा बाजारात नसतेच. गावातली लहान शाखा परकीय चलनाचं काम हाताळणाऱ्या मोठ्या शाखेकडे विचारणा करते, ती मुंबईतल्या ट्रेझरीकडे, म्हणजे बँकेच्या चलनाचे सौदे बघणाऱ्या विभागाकडे. ट्रेझरीतही दोन वेगळी टेबलं असतात. एकावर ग्राहकांना आणि शाखांना दर देणारे, दुसऱ्यावर इतर बँकांशी सौदे करणारे डीलर. बँकांमधले सौदे सहसा दहा लाख डॉलरच्या पटीत होतात, त्यामुळे आपले २०,००० डॉलर तिथे एकटे जाऊच शकत नाहीत. ट्रेझरी दिवसभराच्या अशा रकमा एकत्र करते. त्याच सकाळी जळगावच्या एखाद्या डाळ मिलला आफ्रिकेतून आलेल्या तुरीचे पैसे द्यायला डॉलर हवे असतात. रावेरचे डॉलर आणि डाळ मिलची मागणी बँकेच्या वहीतच एकमेकांना भिडतात. विकणाऱ्याला कमी दर, घेणाऱ्याला जास्त दर आणि मधलं अंतर पूर्ण बँकेचं. उरलेली रक्कम तेवढी डीलर बाजारात नेतो. म्हणजे आपले डॉलर पुष्कळदा मुंबईच्या बाजाराचं तोंडही बघत नाहीत.

ट्रेझरीने समजा तीन पैसे ठेवून शाखेला ८५.०६ दिला. तिसरा थर ६०० रुपयांचा. त्यावर शाखेने, म्हणजे बँकेच्या व्यवसाय विभागाने, पंधरा पैसे ठेवले. हातात ८४.९१. चौथा थर ३,००० रुपयांचा. खात्यात १६,९८,२०० रुपये जमा झाले, मधल्या दरापेक्षा ३,८५० ने कमी. या चार थरांपैकी बाजाराने घेतलेले पहिले दोन मिळून अडीचशे रुपये. बाकी सगळं बँकेच्या आतलं.

मग निर्यातदाराने सरळ त्या ८५.१० वर हात का टाकू नये? माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. परकीय चलनाच्या सौद्यात दोन बाजूंनी दोन देशांत पैसे द्यायचे असतात आणि दोन्ही देशांची घड्याळं वेगळी असतात. २६ जून १९७४ ला जर्मनीतली हेरस्टाट ही बँक तिथल्या नियामकाने दिवस संपताना बंद केली. समोरच्या बँकांनी तिला मार्क देऊन टाकले होते, बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते, आणि ते मिळायच्या आतच हेरस्टाटला टाळं लागलं. तेव्हापासून या जोखमीला त्याच बँकेचं नाव आहे. म्हणून प्रत्येक बँक दुसऱ्या प्रत्येक बँकेसाठी पतमर्यादा ठरवते: अमुक बँकेशी एवढ्याच रकमेपर्यंत. पडद्यावर चांगला भाव दिसला तरी देणाऱ्याशी मर्यादा शिल्लक नसेल तर सौदा होत नाही. भारतात ही अडचण क्लिअरिंग कॉर्पोरेशनने बरीच हलकी केली. २००२ पासून ती डॉलर-रुपयाच्या सौद्यांत मधे उभी राहते, सगळ्यांची देणी-घेणी वळती करते आणि निव्वळ रक्कमच चुकती करायला लावते. पण तिचे सभासद बँकांसारख्या संस्था. निर्यातदाराला त्या वर्तुळात स्वतःची पत नाही. तो आपल्या बँकेच्या पतीवर आत जातो आणि त्या पतीचं भाडं दरातून भरतो.

जगाच्या बाजारातही रचना हीच, फक्त आकार अवाढव्य. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२५ च्या पाहणीत रोजची उलाढाल सरासरी ९.६ ट्रिलियन डॉलर भरली. तिथे मोठ्या बँकांच्या बरोबरीने एक्सटीएक्स मार्केट्ससारख्या बँक नसलेल्या कंपन्याही संगणकावरून सतत दोन्ही बाजूंचे भाव देतात. त्यांनाच तरलता पुरवणारे म्हणतात. त्यांनाही मोठ्या बँकेची पत उसनी घ्यावी लागते. त्यांचे अनेक भाव एकत्र करून त्यातला सर्वात चांगला पुढच्या थराला दिला जातो. यातले काही जण सौदा हातात आल्यावर काही मिलिसेकंद थांबून 'नको' म्हणायची मुभाही ठेवतात. दिसणारा भाव आणि मिळणारा भाव यात तिथेही फट असते ती अशी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'घरबसल्या फॉरेक्स, थेट आंतरबँक दर' अशा जाहिराती जळगाव-धुळ्यातल्या पोरांच्या मोबाइलवर रोज येतात. वरचं वाचल्यावर लक्षात येईल की दोन-पाच हजार रुपयांच्या खात्याला थेट आंतरबँक दर मिळण्याची वाटच नाही. यातल्या कित्येक ॲपमध्ये सौदा बाजारात जातच नाही, समोर ॲपवालाच उभा असतो आणि तुमचा तोटा हा त्याचा नफा असतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा बिनपरवाना ॲपची सावधगिरीची यादीच काढली आहे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असंही समजू नये.

परत आपल्या २०,००० डॉलरकडे. वर धरलेला ८४.९१ हा विचारून घेतलेला दर होता. न विचारता मिळतो तो कार्ड दर, आणि तो त्या दिवशी ८४.६५ असू शकतो. खात्यात १६,९३,००० जमा, म्हणजे विचारलेल्या दरापेक्षा ५,२०० रुपये कमी. कार्ड दर इतका सैल का असतो? बँक तो सकाळी छापते आणि पुढचे काही तास पाळते. दरम्यान बाजारात डॉलर वीस पैशांनी घसरला, तर हुशार ग्राहक धावत येऊन जुन्या चढ्या कार्डावर डॉलर विकेल. बाजार चढला तर तोच ग्राहक थांबेल. म्हणजे कार्ड दर देताना बँक ग्राहकाला एकतर्फी मुभा देते आणि तिची किंमत सगळ्यांकडून आधीच कापून घेते. बाजार फार हलला तर दुपारी कार्ड बदलतात ते याचसाठी.

ठरावीक रकमेच्या वर शाखेला ट्रेझरीकडून चालू दर मागता येतो. ही मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी. डॉलर आल्याचा संदेश मिळताच, रुपये जमा होण्याआधी, शाखेला सांगायचं: कार्डावर टाकू नका, सौद्याचा दर घ्या. दर मिळाला की त्याची वेळ लिहून ठेवायची आणि त्याच मिनिटाचा बाजारातला दर शेजारी लिहायचा. फरक टक्क्यांत काढू नये, डॉलरमागे किती पैसे असा काढावा. ट्रेझरी त्याच भाषेत बोलते. "तुमचं मार्जिन किती पैसे?" एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळदा पाच-दहा पैसे सुटतात. चलनबदलावरचा जीएसटी (आपल्या रकमेवर सुमारे १,१०० रुपये) आणि मधल्या परदेशी बँकेने कापलेले डॉलर हे वेगळे. त्यांची गल्लत दराशी करू नये.

२०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा 'एफएक्स-रिटेल' हा मंचही आहे. आपल्या बँकेमार्फत तिथे नोंदणी केली की लहान ग्राहकाची ऑर्डर निनावी पद्धतीने जुळते आणि बँकेचं आधी ठरवलेलं शुल्क दरापासून वेगळं दिसतं. शाखेला त्याची माहिती नसेल तर ट्रेझरीला विचारायला लावावं.

दुबईचा खरेदीदार कधी दिरहममध्ये बिल करू म्हणतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे ८५.१० चा डॉलर म्हणजे २३.१७ चा दिरहम, भागाकार केला की झालं. बँकेने २२.८० दिला तर एका दिरहममागे सदतीस पैसे गेले, म्हणजे डॉलरच्या भाषेत जवळपास एक रुपया छत्तीस पैसे. दिरहमचे ग्राहक कमी, तो वहीत आपसात कमी जुळतो आणि कार्डावर आणखी सैल छापला जातो. खरेदीदाराला फरक पडत नसेल तर बिल डॉलरमध्येच मागावं.