ग्रीसची काटकसर आणि चुकलेला गुणक

सरकारी खर्चात कपात केली की मंदावलेली अर्थव्यवस्था सावरते का, या वादाला 2010 नंतर जी धार आली तिचे मूळ ग्रीसमध्ये आहे. 2009 च्या ऑक्टोबरात अथेन्समध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने आधीच्या सरकारचे तुटीचे आकडे खोटे असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षाची तूट अखेर जीडीपीच्या 15 टक्क्यांच्या वर गेल्याचे निष्पन्न झाले. रोखेबाजाराने पाठ फिरवल्यावर मे 2010 मध्ये युरो क्षेत्रातील देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून 110 अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले, मात्र त्याला कठोर काटकसरीची अट होती. सरकारी नोकरांना नाताळ, ईस्टर आणि उन्हाळी सुट्टीच्या वेळी मिळून जे दोन जादा पगार मिळत, त्यांना कात्री लागली, निवृत्तिवेतन घटले आणि मूल्यवर्धित कर त्याच वर्षी 19 टक्क्यांवरून आधी 21 आणि मग 23 टक्क्यांवर गेला.

या कार्यक्रमामागे एक विचारपरंपरा होती. सरकारने खर्च केलेला रुपया हातोहाती फिरतो आणि उत्पन्न त्याहून अधिक वाढवतो, ही गुणकाची कल्पना रिचर्ड कान यांनी 1931 मध्ये मांडली आणि केन्स यांनी 1936 मध्ये तिच्यावर आपला सिद्धान्त उभा केला. कपातीच्या वेळी हेच चक्र उलटे फिरते. 1990 च्या सुमारास मात्र काही इटालियन अर्थतज्ज्ञांनी डेन्मार्क आणि आयर्लंडची उदाहरणे पुढे केली: तेथे 1980 च्या दशकात कपात झाली आणि तरी वाढ झाली. तूट घटल्याने भविष्यातील करांची भीती ओसरते, विश्वास वाढतो आणि लोक खर्च करू लागतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आयर्लंडने 1986 मध्ये चलनाचे अवमूल्यन केले होते आणि शेजारच्या ब्रिटनमध्ये तेजी होती, या गोष्टी त्या चर्चेत मागे पडल्या. ग्रीसजवळ स्वतःचे चलन नव्हते आणि त्याचे शेजारीही कपातच करत होते.

नाणेनिधीने ग्रीससाठी गुणक सुमारे 0.5 धरला होता. एवढ्याशा आकड्याने काय बिघडते, हे पाहण्यासाठी 100 रुपयांची अर्थव्यवस्था आणि 130 रुपयांचे कर्ज घेऊ. सरकारने 1 रुपया खर्च कमी केला आणि गुणक 0.5 असेल, तर उत्पन्न 99.5 होते. उत्पन्न घटल्याने बुडणारा कर आणि वाढणारा बेकारीभत्ता मिळून त्या घटीच्या 40 टक्के धरले, तर 20 पैसे हातचे जातात आणि 80 पैसे खरोखर वाचतात. कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण 129.8 टक्क्यांवर येते, म्हणजे किंचित का होईना, उतरते. गुणक 1.5 असेल तर उत्पन्न 98.5 वर घसरते, 60 पैसे हातचे जातात, वाचतात फक्त 40, आणि प्रमाण 131.6 टक्क्यांवर चढते. कर्ज आटोक्यात आणण्यासाठी केलेली कपात निदान पहिल्या वर्षी कर्जाचे ओझे वाढवते. आणि कर्जदात्यांनी त्यावर आणखी कपातीची मागणी केली की तीच फेरी पुन्हा सुरू होते.

ग्रीसमध्ये साधारण हेच घडले. 2012 मध्ये 1.1 टक्के वाढ होईल असा मूळ अंदाज होता; प्रत्यक्षात त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे 7 टक्क्यांनी आकसली. 2008 ते 2013 या काळात जीडीपी जवळपास चतुर्थांशाने घटला आणि बेकारी 27 टक्क्यांवर पोहोचली. नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी केवळ ग्रीस नव्हे, तर अनेक प्रगत देशांचे अंदाज तपासले. ज्या देशाची नियोजित कपात मोठी होती, त्याचा वाढीचा अंदाज तेवढाच जास्त फसला होता. 2012 च्या ऑक्टोबरात नाणेनिधीने लिहिले की अंदाजांत धरलेला गुणक सुमारे 0.5 असला, तरी मंदीच्या या काळात तो 0.9 ते 1.7 च्या दरम्यान असावा. व्याजदर आधीच शून्याजवळ होते, त्यामुळे कपातीची झळ स्वस्त कर्जाने भरून निघण्यासारखी नव्हती, आणि अडचणीतल्या बँका कर्ज देईनात. तेजीत गुणक लहान असू शकतो. त्याला एकच कायमचा आकडा नाही.

या निष्कर्षावर आक्षेपही आले. युरोपीय आयोगाने म्हटले की फसलेल्या अंदाजांमागे अचानक भडकलेल्या रोख्यांच्या व्याजदरांचाही हात होता. शिवाय तूट कमी करताना खर्च घटवणे करवाढीपेक्षा कमी अपायकारक ठरते, असे इटालियन अर्थतज्ज्ञ अल्बेर्तो आलेसिना शेवटपर्यंत मांडत राहिले. माझ्या मते पहिला आक्षेप तपासण्याजोगा आहे, पण कपात मोठी तिथे चूक मोठी, ही जुळणी त्याने पुरती सुटत नाही.

तूट 15 टक्के आणि बाजारात कर्ज नाही, अशा देशापुढे कपातीला पर्याय नव्हता, हेही तितकेच खरे आहे. प्रश्न वेगाचा होता, आणि जुन्या कर्जाचा. खासगी कर्जदात्यांनी आपल्या येण्याच्या मोठ्या भागावर पाणी सोडले ते 2012 च्या मार्चमध्ये. जून 2013 मध्ये नाणेनिधीने आपल्याच कार्यक्रमाचे जे मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यात हा भार आधीच हलका करायला हवा होता, अशी टीका होती.