पर्यावरण मंजुरीच्या अटींची पालनसूची

पर्यावरण मंजुरीच्या पत्रातील प्रत्येक अट तोडून तिच्यातून कोणते काम निघते, ते कोणी करायचे, किती वेळाने करायचे, पुरावा काय ठेवायचा आणि कोणत्या कार्यालयाला कधी कळवायचे, हे मांडणारा कारखान्याचा अंतर्गत तक्ता. असा तक्ता ठेवा असे कायदा सांगत नाही. पण 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या कारखान्याला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात अटीगणिक उत्तर अपेक्षित असते. तक्ता नसेल तर हे उत्तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठवणीतून लिहिले जाते.

मंजुरीपत्रात विशिष्ट अटी आणि सर्वसाधारण अटी असे दोन भाग असतात. सर्वसाधारण अटी बहुतेक कारखान्यांना सारख्याच असतात. विशिष्ट अटी त्या प्रकल्पाची छाननी होताना ठरलेल्या असतात आणि तपासणीच्या वेळी अधिकारी आधी त्याच काढतो. एका अटीच्या वाक्यात पुष्कळदा तीन-चार कामे दडलेली असतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे वाक्य क्रियापदांवर तोडणे: ‘बसवावे’, ‘मोजावे’, ‘नोंद ठेवावी’, ‘कळवावे’ यांना प्रत्येकी वेगळी ओळ मिळते, पण अटीचा मूळ क्रमांक सगळ्यांना तोच राहतो. पुढे अहवाल त्याच क्रमांकाने भरायचा असतो.

महाड किंवा लोटे परशुराम यांसारख्या औद्योगिक वसाहतीत दोन हेक्टर भूखंडावर रसायने बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याचे पत्र 10 जुलैचे आहे. सात दिवसांच्या आत, म्हणजे 17 जुलैपर्यंत, मंजुरी मिळाल्याची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यायची असते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. हे एकदाच करायचे काम आहे, आणि एकदाच असल्यामुळेच ते सुटते. कात्रण तक्त्याला जोडून ठेवले नाही, तर तीन वर्षांनी ते कोणाकडेही सापडत नाही.

आता एक जड अट पाहू: ‘सांडपाणी कारखान्याबाहेर सोडू नये, संपूर्ण पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे.’ यात मोजा असे कुठेही म्हटलेले नाही, तरी मोजल्याशिवाय ती पाळल्याचे दाखवता येत नाही. समजा शुद्धीकरण केंद्रात रोज 60 घनमीटर सांडपाणी येते. आरओमधून 40 घनमीटर वापरण्याजोगे पाणी मिळते आणि 20 घनमीटर खारट पाणी बाष्पीभवन यंत्राकडे जाते. म्हणजे तिन्ही ठिकाणी फ्लो मीटर, रोजची नोंदवही, मीटरचे ठराविक मुदतीने प्रमाणीकरण आणि महिनाअखेरीस पाण्याचा ताळेबंद अशा चार ओळी झाल्या. पाचवी ओळ बहुतेक तक्त्यांत नसते: मिठाची. खारट पाण्यात लिटरमागे 50 ग्रॅम विरघळलेले क्षार असतील तर 20 घनमीटरमधून रोज 1 टन कोरडे मीठ निघायला हवे. महिन्यात 25 दिवस कारखाना चालला तर 25 टन, ओलावा धरला तर त्याहून जास्त. हे मीठ घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावसारख्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवले असेल, तर तेवढ्या वजनाच्या पावत्या असायला हव्यात. पावत्यांची बेरीज 4 टनांवर थांबत असेल, तर उरलेले मीठ शेडमध्ये पडून आहे किंवा खारट पाणी भलतीकडेच जाते आहे. फ्लो मीटरचे आकडे जुळवता येतात. काट्यावरचे वजन जुळवणे अवघड असते, म्हणून ही ओळ महिन्यातून एकदा मालकाने स्वतः पाहावी. त्या मिठाला दुसरीही मुदत आहे: घातक कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

मुदती उलट दिशेने मोजाव्या लागतात. 1 डिसेंबरच्या अहवालात एप्रिल ते सप्टेंबरची माहिती द्यायची असते, म्हणून त्या सहामाहीचे शेवटचे नमुने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घेतले, तरच ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेचे अहवाल हाती येतात, मसुदा वाचायला वेळ मिळतो आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अहवाल वेळेत चढवता येतो. वर्षभराच्या इतर तारखाही याच तक्त्यात याव्यात: घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत, दोन्ही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. काही मुदती मात्र पाऊस ठरवतो. 33 टक्के जागेवर हेक्टरी 2,500 झाडे लावा अशी अट असेल तर आपल्या कारखान्याला सुमारे 0.66 हेक्टरवर 1,650 झाडे लावायची आहेत. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणायचे, लागवड जून-जुलैमध्ये. पत्र जुलैत आलेल्या कारखान्याने रोपे ऑगस्टमध्ये शोधायला घेतली, तर वर्ष हातचे गेलेच म्हणायचे.

हवेच्या मोजणीत वेगळीच अडचण येते. धुराड्याला नमुन्याचे छिद्र, वर जाण्याची शिडी आणि उभे राहण्याचा मंच नसेल, तर दर तिमाहीची मोजणी कागदावर नेमून काही होत नाही. आधी ते बांधण्याची एकवेळची ओळ घालावी लागते. परिसरातील हवेसाठी साधारणपणे चार ठिकाणे सांगितली जातात, एक आवारात आणि तीन बाहेर, वाऱ्याच्या वरच्या व खालच्या बाजूंचा विचार करून. बाहेरच्या ठिकाणी यंत्र ठेवायला कोणाची तरी परवानगी आणि वीज लागते, हे पहिल्या महिन्यातच सोडवावे. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे एवढे पाहून भागत नाही. आपल्या अटीतला नेमका घटक, उदाहरणार्थ एखादा सेंद्रिय द्रावक, त्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का हे तपासावे लागते. नसेल तर तो अहवाल पुरावा म्हणून कमकुवत ठरतो.

‘नियमितपणे’, ‘पुरेशी’, ‘शक्य तेथे’ असे शब्द असलेल्या अटी तक्ता करणाऱ्याला सर्वाधिक छळतात. तिथे कारखान्याने स्वतः वारंवारता ठरवावी, कारण लिहून ठेवावे आणि प्रदूषण मंडळाने कारखाना चालवण्यासाठी दिलेल्या संमतीपत्रात त्याच मोजणीसाठी आकडा असेल तर तो घ्यावा. मंजुरीपत्र आणि संमतीपत्र यांत फरक निघाला, समजा एकात रोज 50 घनमीटर सांडपाणी आणि दुसऱ्यात 60, तर दुरुस्ती होईपर्यंत 50 वरच राहणे सुरक्षित.

तक्ता केवळ भरला जातो आहे की वापरला जातो आहे, हे उत्तरांच्या भाषेवरून लगेच कळते. प्रत्येक ओळीसमोर ‘पालन केले’ एवढेच असेल, गेल्या सहामाहीच्या अहवालातली वाक्ये तशीच असतील, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या धुळीचे आकडे जवळपास सारखे असतील, तर तो सल्लागाराच्या संगणकावर तयार झालेला असतो. जे काम अपुरे आहे तिथे ‘अंशतः’ लिहून पूर्ण होण्याची तारीख देणे बरे. पुढे उत्पादन वाढवण्यासाठी अर्ज करताना आधीच्या अटींचा प्रमाणित अनुपालन अहवाल लागतो. त्या वेळी खात्याचा अधिकारी जागेवर येऊन जुने सहामाही अहवाल प्रत्यक्षाशी ताडून पाहू शकतो.

पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालील उल्लंघनाला 1 एप्रिल 2024 पासून तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या कारखान्याला ही रक्कम फार वाटणार नाही. विस्ताराचा अर्ज अडकून पडला की त्याला त्याची झळ जास्त बसते.