साधक, बाधक आणि मधला टप्पा

क्वांटम संगणक आले की कुठलंही गणित चुटकीसरशी सुटेल, असे मथळे अधूनमधून झळकतात. ते वाचले की मला दोन खेळाडूंचा एक खेळ आठवतो. त्याला ना पट लागतो, ना सोंगट्या. लागतं फक्त एक तार्किक सूत्र, उदाहरणार्थ हे:

(x ∨ y) ∧ (y ∨ z) ∧ (¬y ∨ ¬z)

∨ म्हणजे ‘किंवा’, ∧ म्हणजे ‘आणि’, ¬ म्हणजे ‘नाही’. दोघे पाळीपाळीने एकेका अक्षराला ‘खरं’ किंवा ‘खोटं’ ठरवतात. साधकाला शेवटी सूत्र खरं ठरायला हवंय, बाधकाला खोटं. साधक x ठरवतो, मग बाधक y, मग पुन्हा साधक z. गणिती लिपीत हा क्रम ∃x ∀y ∃z असा लिहितात.

साधकाने x खोटं ठेवलं तर बाधक y खोटं करतो आणि पहिल्याच कंसात डाव संपतो. म्हणून x खरं हवं. मग बाधकाने y काहीही केलं तरी साधकाने z त्याच्या उलट ठेवायचं की झालं. आता फक्त क्रम बदला आणि y सर्वांत शेवटी ठेवा. आता z आधीच जाहीर झालेलं असतं, आणि बाधक y मुद्दाम z सारखंच ठेवतो. सूत्र तेच, पण साधक हरला.

अक्षरं १०० असतील तर कोण जिंकेल? सगळे डाव खेळून पाहायचे तर ते २चा १००वा घात इतके होतात. सेकंदाला अब्ज डाव तपासले तरी सुमारे ४० लाख कोटी वर्षं लागतील. मेमरी मात्र नगण्य पुरते. एका वेळी एकच डाव डोळ्यांपुढे ठेवायचा, तो संपला की शेवटची खेळी पुसून दुसरी करून पाहायची. वहीचं एक पान पुसून पुसून वापरावं तसं. वेळ जास्त म्हणजे मेमरीही जास्त, हा समज इथे मोडतो.

अशा, म्हणजे बेताच्या मेमरीत पण हव्या तितक्या वेळात सुटणाऱ्या प्रश्नांच्या वर्गाला पीस्पेस म्हणतात. लॅरी स्टॉकमेयर आणि अल्बर्ट मेयर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की या वर्गातला कुठलाही प्रश्न आपल्या खेळात रूपांतरित करता येतो. थोडक्यात, हा खेळ पीस्पेस-कम्प्लीट आहे. त्यामागची युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एका प्रोग्रॅमला मिळून १०० बिट मेमरी आहे. तिच्या वेगवेगळ्या स्थिती जास्तीत जास्त २चा १००वा घात. प्रश्न असा: ‘सुरुवात’ या स्थितीतून ‘उत्तर हो’ या स्थितीपर्यंत तेवढ्या पायऱ्यांत पोचता येतं का? (प्रोग्रॅम आधीच थांबला तर जागच्या जागी उभं राहणं हीसुद्धा पायरी धरायची.) साधक म्हणतो, पोचता येतं. बाधक म्हणतो, मग बरोबर मध्यावरची स्थिती सांग. साधक १०० बिट सांगतो. आता बाधक एकच बिट खेळतो: पहिला अर्धा सिद्ध कर, किंवा दुसरा. त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य, पुन्हा निवड. १०० फेऱ्यांनंतर एकच पायरी उरते, आणि ती प्रोग्रॅमच्या नियमांत बसते का हे छोट्याशा सूत्राने तपासता येतं.

वाट खरोखर असेल तर साधक दर वेळी खरा मध्य सांगून जिंकतो. नसेल तर त्याने कुठलाही मध्य सांगितला तरी दोनपैकी एक तुकडा खोटा असणारच, आणि बाधक नेमका तोच धरतो.

मध्य गाठायची कल्पना वॉल्टर सॅविच यांनी १९७० मध्येच वापरली होती. इथली मेख बाधकाच्या त्या एका बिटात आहे. बाधक नसता तर दोन्ही तुकडे सूत्रात लिहावे लागले असते, मग चार, मग आठ, आणि सूत्रच २चा १००वा घात इतकं फुगलं असतं. ‘दोन्ही अर्धे’ ऐवजी ‘बाधक निवडेल तो अर्धा’ म्हटलं की एकच तुकडा लिहून भागतं. साधकाची सुमारे १०,००० अक्षरं, बाधकाची १००, आणि शेवटच्या पायरीची तपासणी. संपलं सूत्र.

आता त्या मथळ्यांकडे. क्वांटम संगणक झटपट जे सोडवू शकतो ते सगळं पीस्पेसमध्येच येतं, हे सिद्ध झालेलं आहे. उलट दिशेने, म्हणजे तो हा खेळ झटपट सोडवेल, असं मानायला काहीच आधार नाही. पण खेळाला झटपट रीत नाहीच, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. साध्या संगणकावरसुद्धा नाही.