फोटोतली गोगलगाय ओळखायची कशी, आणि शंखी गोगलगाय वेळीच कशी हेरायची
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पाऊस सुरू झाला की बागेतल्या गोगलगायींचे फोटो आमच्याकडे यायला लागतात. बहुतेक फोटो वरून काढलेले असतात. पानावर तपकिरी शंख, मागे कुंडीची कड, आणि खाली एकच प्रश्न: ‘ही ती मोठीवाली तर नाही ना?’ अशा फोटोवरून आम्ही अंदाज देऊ शकतो, खात्री नाही. शंखाची ओळख त्याच्या पाठीवर कमी आणि तोंडाशी जास्त असते, आणि वरून काढलेल्या फोटोत नेमके तोंडच दिसत नाही.

‘मोठीवाली’ म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय. तिचे शास्त्रीय नाव अकॅटिना फुलिका, नव्या वर्गीकरणात लिसाकॅटिना फुलिका. मूळची ती पूर्व आफ्रिकेची. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचा शंख साधारण 5 ते 10 सेंटीमीटर लांब असतो, क्वचित 20 सेंटीमीटरपर्यंतही जातो. एवढी मोठी गोगलगाय ओळखायला आमची गरज नाही. पंचाईत होते ती पिल्लांच्या बाबतीत. ती कोणत्याही साध्या गोगलगायीएवढीच असतात आणि बंदोबस्त सोपा असतो तोही याच वयात. म्हणून या पत्रकात भर लहान शंखावर आहे.

फोटो कसा काढावा

आधी हातमोजे घाला. गोगलगाय उचलून सपाट पृष्ठभागावर अशी ठेवा की शंखाचे निमुळते टोक वरच्या बाजूला आणि तोंड तुमच्याकडे येईल. शेजारी, शंखाच्या पातळीतच मोजपट्टी ठेवा. शंख उंचावर आणि पट्टी खाली जमिनीवर असेल तर माप चुकते. फ्लॅश बंद ठेवा, कारण ओल्या शंखावर आणि चिकट स्रावावर तो चमकतो आणि रेषा पुसल्या जातात. ढगाळ उजेड सगळ्यात चांगला. एक फोटो तोंडाचा, एक पाठीचा आणि एक ती जिथे सापडली त्या जागेचा, एवढे पुरते. व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबले जाऊन बारकावे जातात.

सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. टोक वर आणि तोंड समोर धरले की शंखी गोगलगायीचे तोंड जवळजवळ नेहमी उजव्या हाताला येते. काही फोनमध्ये पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखे उलटे साठवतो, मग उजवा शंख डावा दिसतो आणि आम्ही भलत्याच जातीचा विचार करत बसतो.

आम्ही फोटोत काय पाहतो

पहिली नजर आकारावर जाते. शंखी गोगलगायीचा शंख शंकूसारखा उंच, शेवटचा वेढा फुगीर आणि टोक निमुळते. पूर्ण वाढ झाल्यावर 7 ते 9 वेढे मोजता येतात. बागेतल्या कितीतरी साध्या गोगलगायींचे शंख चपटे किंवा गोलसर असतात, वरून पाहिले तर चकलीसारखे वेटोळे दिसते. ते दिसले की चिंतेचा मुद्दा बहुधा तिथेच संपतो.

रंगावर आम्ही फार विसंबत नाही. तपकिरी अंगावर मळकट पिवळसर, वेड्यावाकड्या उभ्या रेघा ही तिची नेहमीची खूण. पण ओला शंख गडद दिसतो, आणि मेलेला शंख उन्हात पडून राहिला की वरचा थर निघून जातो आणि तो पांढराफटक होतो. रेघा गेल्या तरी आकार राहतो.

खरी खूण तोंडात आहे. शंखाच्या मधून एक खांब जातो आणि सगळे वेढे त्याच्याभोवती फिरतात. तोंडाच्या आतल्या कडेला या खांबाचे खालचे टोक दिसते. शंखी गोगलगायीत ते टोक खाली एकदम तुटल्यासारखे संपते आणि तोंडाची बाहेरची कड सुरू होण्याआधी तिथे लहानशी खाच राहते. बागेतल्या बहुतेक इतर गोगलगायींत खांब हळूच वळून कडेला मिळतो, खाच पडत नाही. ही तुटकी कड पिल्लांतही असते, म्हणून तिची किंमत जास्त. दुसरी बारीक खूण म्हणजे तोंडाची बाहेरची कड पातळ आणि धारदार असते. बाहेर वळलेली जाड पांढरी कड दिसली तर ती शंखी गोगलगाय नाही. तशी कड असलेल्या जातींची वाढ तिथे पूर्ण झालेली असते.

पण एकट्या खाचेवर निकाल देता येत नाही. कुंड्यांच्या मातीत राहणाऱ्या सडपातळ, लांबुडक्या छोट्या गोगलगायी असतात, त्यांतल्या काहींतही हा खांब खाली तुटकाच असतो. त्यांच्यात आणि शंखीच्या पिल्लात फरक सांगते ते रुंदीचे प्रमाण. सडपातळ गोगलगायीची लांबी रुंदीच्या तीन-चार पट असते, पिल्लाची साधारण दुप्पट किंवा त्याहूनही कमी. यासाठीच आम्ही मोजपट्टी मागतो.

एक उदाहरण

एका ग्राहकाने कुंडीच्या बुडाशी सापडलेल्या तीन गोगलगायींचा फोटो पाठवला. सोबत लिहिले होते: ‘छोट्याच आहेत, चिंता नसावी.’ फोटो वरून काढलेला, माप नाही. दोन शंख बारीक, टोकदार आणि फिकट पिवळे होते. तिसरा जरा ठेंगणा, गडद. पाठीवरून तिघी एकाच जातीच्या वेगवेगळ्या वयाच्या वाटल्या असत्या.

आम्ही तोंडाचा फोटो मोजपट्टीसह मागितला. बारीक शंखांची लांबी 11 मिलिमीटर आणि रुंदी जेमतेम 3 निघाली, म्हणजे लांबी साडेतीन पटीहून जास्त. त्या मातीतल्या सडपातळ गोगलगायी, कुजका पालापाचोळा खाणाऱ्या. तिसरा शंख 18 मिलिमीटर लांब आणि 10 मिलिमीटर रुंद होता. शेवटच्या वेढ्यावर उभ्या रेघा पुसटशा सुरू झाल्या होत्या, तोंडाची कड पातळ, आणि खांबाचे टोक छाटल्यासारखे. चारही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

मग आम्ही कुंडी हलवून खालची माती पाहायला सांगितली. तिथे पिवळसर पांढरी, 5 मिलिमीटरच्या आसपासची, कडक कवचाची अंडी ढिगाने होती. एका पिल्लाने एवढी अंडी घातलेली असणे शक्य नव्हते, म्हणजे मोठी गोगलगाय जवळपासच होती. ती भिंतीच्या सावलीतल्या कडेला, विटांच्या मागे सापडली.

याउलट, नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम 4-5 मिलिमीटरचे आणि जवळजवळ गोल असते. त्याच्या एकट्या फोटोवरून आम्ही कधीच ठाम सांगत नाही. तेव्हा अंडी आणि मोठी गोगलगाय शोधा.

शंख नसेल तर

बिनशंखाच्या गोगलगायींचा फोटो उजव्या बाजूने काढा, शिंगे बाहेर आलेली असताना. बहुतेकींच्या पाठीच्या पुढच्या भागावर कातडीचा वेगळा, गुळगुळीत पट्टा असतो आणि त्याच्या उजव्या कडेला श्वासाचे भोक उघडझाप करते. ते भोक पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या, यावरून मोठे गट वेगळे करता येतात. काळसर, रुंद, चपट्या, चामड्यासारखी पाठ असलेल्या प्रकारात असा पट्टा वेगळा दिसतच नाही, सगळी पाठच झाकलेली असते आणि बाजूचे भोकही सापडत नाही. भोक दिसले नाही म्हणून फोटो वाईट आला असे समजू नका. तीही ओळखच आहे.

डोके पसरट पंख्यासारखे आणि शिंगे अजिबात नसतील तर ती गोगलगाय नव्हे. तो चपटा किडा आहे, गांडुळे खाणारा.

शंखी गोगलगाय आहे असे ठरले तर

उघड्या हाताने शंखी किंवा कोणतीही गोगलगाय उचलू नका. तिच्या अंगात उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात, त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. गोगलगायी फिरल्या असतील त्या वाफ्यातली पालेभाजी नीट धुऊन मगच वापरा.

अंधार पडल्यावर किंवा पहाटे वेचणी करा. ओली गोणपाटे दुपारी झाडांमध्ये टाकून ठेवली तर सकाळी त्यांच्याखाली त्या जमलेल्या मिळतात. वेचलेल्या गोगलगायी घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ वाफ्यात पसरू नका, झाडे त्याने जातात. अंडी उकळत्या पाण्यात टाका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रा असेल तर आम्ही सुचवत नाही, कुत्रे त्या आवडीने खातात आणि त्यांना ते विष आहे.

कोरड्या दिवसांत ती तोंडावर पांढुरका पडदा धरून महिनोन् महिने गप्प पडून राहते. असा शंख मेला समजून कचऱ्यात किंवा खतात टाकू नका. मेलेला शंख हलका लागतो आणि आत रिकामा दिसतो.

ओळखीसाठी जिवंत गोगलगाय आमच्याकडे आणू नका, शेजाऱ्यांनाही दाखवायला नेऊ नका. एकदा जोडी जमली की ती जोडीदाराचे बीज साठवून ठेवते आणि नंतर एकटीच अंडी घालत राहते, एका वेळेला शंभर आणि त्याहूनही जास्त. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून फ्लोरिडातल्या मायामीत तीन गोगलगायी आणल्या आणि आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे 18 हजारांहून जास्त गोळा कराव्या लागल्या.

फोटोने भागत नसेल तर रिकामा शंख चालेल. उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, बंद डबीत पाठवा. कुंडीची माती, रोपे आणि खत मात्र बाहेर देऊ नका. सगळ्या बागेची दोन-तीनदा वेचणी होऊन कुंड्यांखाली अंडी मिळेनाशी झाली की मगच रोपांची देवाणघेवाण सुरू करा.